आत सरकलेला हूक

मावशींच्या खोलीत चोवीस खाटा होत्या आणि चोवीसही गाद्यांवर मेणकापड होतं. नव्यानं आलेल्या मोठ्या बाईंनी एकदा हिशेबी सुरात विचारलं होतं, गाद्या भिजवणाऱ्या पोरी दोन-तीन, मग मेणकापड सगळ्यांना कशाला? मावशी म्हणाल्या, तिघींनाच घातलं तर त्या तिघींच्या गादीवर पाटी लावल्यासारखं होईल. पोरींना काय, कूस बदलताना कापड करकरलं तरी कान टवकारतात. मोठ्या बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

वसतिगृहातल्या धाकट्या मुलींचं सगळं मावशींकडे होतं. उठवणं, न्हाऊ घालणं, वेण्या, कपडे, नखं, उवा, रडणं. सव्वीस वर्षांत त्यांनी इतक्या वेण्या घातल्या होत्या की डोळे मिटून केसांवरून मुलगी ओळखता येईल, असं त्या गमतीनं म्हणायच्या. आणि ती गंमत नव्हती. ओल्या चादरींची त्यांची पद्धत मात्र कुणी शिकवलेली नव्हती. पहाटेची घंटा झाली की त्या पोरींना रांगेनं न्हाणीघराकडे पिटाळत. शेवटची वेणी दाराआड गेली की खाटांच्या मधून एक फेरी. हात फक्त चादरीखालून फिरे. ओली चादर निघे, मेणकापड पुसलं जाई, कोरडी चादर अंथरली जाई, आणि ओली टोपलीत टॉवेलांच्या तळाशी. पोरी परत येईपर्यंत चोवीस खाटा सारख्या दिसत. ना वही, ना खूण. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की विचारायचं नाही. जिची चादर तिला माहीत, मावशींना माहीत, तिसऱ्याला नाही. आणि त्या दोघींतही त्याबद्दल शब्द नाही.

हा नियम त्यांनी माहेरून आणला होता. त्यांचा धाकटा भाऊ अकरा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण भिजवायचा. वडील त्याला सकाळी सगळ्यांसमोर विचारायचे, काय रे, आज पूर आला का? मग ती चादर त्यालाच धुवायला लावायचे, अंगणातल्या नळावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी. तो एके दिवशी आपोआप थांबला. म्हणजे भिजवायचा थांबला. मान खाली घालायचा मात्र आजतागायत थांबलेला नाही. दोन लेकरांचा बाप झाला, तरी कुणी नुसतं 'काय रे' म्हटलं की त्याचे खांदे आत येतात. विचारण्यानं माणूस किती मोडतो हे मावशींनी घरीच पाहिलं होतं. म्हणून त्या विचारत नसत.

त्या वर्षी खोलीत भिजवणारी एक जुनी होती. सात वर्षांची, जेवायला, चालायला, बोलायला सगळ्यांत शेवटची, म्हणून सगळ्या तिला गोगलगाय म्हणत. ती आली तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस चादर ओली. बाकी मुलगी गुटगुटीत, खेळती, दिवसा कधी काही नाही. तिच्या बापानंच पहिल्या दिवशी कानाशी येऊन सांगितलं होतं, मावशी, हिचं जरा... आमच्यातच आहे ते, मीही चौथीपर्यंत. एवढा मोठा मिशाळ माणूस, पण सांगताना लाजून चूर झाला. मावशींना तो तिथल्या तिथे आवडून गेला होता.

आणि सत्र सुरू झाल्यावर एक नवी आली. नऊ वर्षांची, काटकुळी नव्हे पण चपळ, आणि तोंड म्हणजे चालता पट्टा. वेणी घट्ट का, घंटा सहालाच का, दूध प्यायचंच असेल तर साय काढून का नाही. दोन दिवसांत तिचं नाव वकीलीण पडलं. तिची आई एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर, पाळ्या बदलत्या, घरी दुसरं कुणी नाही. म्हणून मुलगी इथे. आई रविवारी फोन करायची आणि वकीलीण तिला सगळ्यांच्या तक्रारी तपशीलवार सांगायची.

पंधरा दिवस तिची खाट कोरडी राहिली. सोळाव्या दिवशी मावशींचा हात ओला झाला.

त्यांना नवल वाटलं नाही. नव्या पोरी पहिले काही दिवस श्वास रोखल्यासारखं सगळं धरून ठेवतात, मग घराची आठवण एकेका वाटेनं बाहेर पडते; कुणाच्या डोळ्यांतून, कुणाच्या अंथरुणातून. त्यांनी चादर बदलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी वकीलीण न्हाणीघराकडे जायला रेंगाळली आणि तिनं स्वतःच आपली चादर गुंडाळून टोपलीत खुपसली, टॉवेलांच्या तळाशी, अगदी मावशींसारखी. म्हणजे पोरीनं पद्धत हेरली होती. मावशींनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मनातून त्यांना थोडं बरंच वाटलं. एक शब्द न बोलता दोन माणसांत करार झाल्यावर वाटतं तसं.

त्यांनी एवढंच केलं की सगळ्याच खोलीला सांगितलं, रात्रीच्या जेवणानंतर पाणी दोन घोट, जास्त नाही. वकीलीण यावर वाद घालील अशी त्यांची अपेक्षा होती. तिनं घातला नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला न्हाणीघरात पकडलं. नळाला तोंड लावून पाणी पीत होती, वासरू आचळाला भिडतं तशी. त्यांनी रागावून नाही पण जरा आवाज चढवून म्हटलं, अगं, घागर आहे, पेला आहे, आणि आत्ताच तर प्यायलीस. मुलगी तोंड पुसून निघून गेली. तेव्हाही वाद नाही. वकिलिणीचं तोंड बंद झालंय, हे मावशींच्या लक्षात आलं होतं. पण त्याचा अर्थ त्यांनी आपल्या जुन्या पोतडीतूनच काढला. रुळतेय हळूहळू, रुळली की पोरी गप्प होतात.

आजार त्यांना ओळखता येत नसे असं नव्हतं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका मुलीची चादर अशीच अचानक ओली व्हायला लागली होती. तेव्हा मावशींनी शौचालयाच्या दाराबाहेरून तिचं कण्हणं ऐकलं. दर दहा मिनिटांनी जायची, थेंबभर व्हायचं, आग व्हायची म्हणून रोखून धरायची, चादरीला नेहमीपेक्षा उग्र वास, संध्याकाळी अंगात ताप. त्याच दिवशी डॉक्टर, लघवीची तपासणी, जंतुसंसर्ग निघाला, औषधाचा डोस पुरा केला आणि मुलगी कोरडी. तेव्हापासून मावशींना वाटे की दुखणं असेल तर ते ओरडेल. जिला आग नाही, ताप नाही, तिला आठवण. हा त्यांचा हिशेब सोपा होता आणि बरीच वर्षं चुकला नव्हता.

रविवारी दुपारी त्या गणवेश दुरुस्तीला बसत. खोलीच्या मध्यभागी सतरंजी, बटणांचा डबा, चोवीस घागऱ्यांचा ढीग. उसवलेलं शिवायचं, तुटलेलं लावायचं, आणि हूक सरकवायचे. वाढत्या पोरींचे घागरे कमरेत आवळायला लागतात. हूक बाहेर सरकवत न्यायचा, दर सहामाहीत बोटभर. काम इतकं सवयीचं की त्या करता करता पोरींची भांडणंही मिटवत.

वकिलिणीचा घागरा हातात आला. हूक सैल नव्हता, तुटलेला नव्हता. पण पट्टीवर आधीच्या टाक्यांची छिद्रं दिसत होती. एक शिंप्यानं लावलेल्या जागी. दुसरी अर्ध्या बोटावर, तिथे मावशींचा स्वतःचा निळा दोरा अजून अडकला होता. दहा-बारा दिवसांपूर्वी मुलगी 'घसरतो' म्हणाली तेव्हा उभ्या उभ्या सरकवलेला. आणि आता हूक तिथूनही पुढे, वेड्यावाकड्या काळ्या टाक्यांनी लावलेला होता. हा टाका त्यांचा नव्हता. पोरीनं स्वतःच घातला होता.

त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. सव्वीस वर्षांत त्यांनी शेकडो हूक बाहेर सरकवले होते. हा आत सरकला होता. दोनदा. महिन्याच्या आत.

मावशी उठल्या. डबा तसाच उघडा राहिला. वकीलीण खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती, भर दुपारी, बाकीच्या बाहेर दोरीवरच्या उड्या मारत असताना. मावशींनी तिचा हात हातात घेतला. मनगट बोटांच्या वेढ्यात मावून वर जागा उरली. ओठ कोरडे, कडांना पांढरे. त्या तिच्या शेजारी बसल्या आणि सव्वीस वर्षांचा नियम मोडला.

"घरी होत होतं का गं असं? चादरीचं?"

मुलीनं आधी हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "मी काय बाळ आहे का? मी बालवाडीत असल्यापासून कोरडी."

मग एकेक बाहेर आलं. रात्री तीन-तीनदा उठते, तरी एखाद्या वेळी उठायच्या आधीच होतं. भरपूर होतं, थोडं थोडं नाही. वर्गातही सारखं जावं लागतं, बाई चिडतात. आग होते का? नाही. दुखतं का? पोट दुखतं, आजपासून, आणि मळमळतं. जेवतेस का? जेवते, दोनदा वाढून घेते. आणि तहान? मुलीनं मान वळवली. "तुम्ही दोनच घोट सांगितलेत. मी नळावर पिते. रोज पिते. तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही काही विचारतच नाही ना."

तिनं हे तक्रारीनं म्हटलं नव्हतं. मावशींच्या वागण्यातली एक गोष्ट सांगावी तसं म्हटलं होतं. मावशींनी उठून घागरीतून पेला भरून आणला. तो संपल्यावर दुसरा.

मोठ्या बाई म्हणाल्या, उद्या तपासणीचा डॉक्टर येणारच आहे. नव्या मुलीचं घर आठवण्याचं प्रकरण दिसतंय, तुम्हीच तर नेहमी म्हणता. मावशींनी ऐकून घेतलं. एरवी त्या मोठ्या बाईंना उलटून बोलत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, मी म्हणत होते, ते चुकीचं होतं, आणि मुलीच्या पायांत चपला घालायला वाकल्या. आईला फोन लावण्याचं काम मात्र मोठ्या बाईंनी लगेच अंगावर घेतलं.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. रविवारचाही संध्याकाळचा एक तास उघडा. तेवढ्या वाटेत वकीलीण दोनदा पायरीवर बसली आणि एकदा एका दुकानदाराकडे शौचालय मागावं लागलं. मावशींनी तिला उरलेल्या वाटेवर कडेवर घेतलं. नऊ वर्षांची मुलगी कडेवर घेता येते, आणि दम लागत नाही, हेच त्यांना भयंकर वाटत राहिलं.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी तीन-चार प्रश्न विचारले आणि त्यांतला पहिलाच असा होता, आधी कोरडी होती का? मावशींना उत्तर देता आलं, कारण ते त्यांना दोन तासांपूर्वी कळलं होतं. वजन केलं, प्रवेशाच्या वेळच्या कार्डापेक्षा साडेतीन किलो कमी. मग लघवीची एक छोटी बाटली, तिच्यात बुडवलेली रंगीत चौकोनांची पट्टी. मावशी त्या पट्टीकडे बघत होत्या. एक चौकोन साखरेचा, तो काळपट तपकिरी झाला. दुसरा जांभळा झाला. संसर्गाचे चौकोन तसेच राहिले. बोटाला टोचून एक थेंब रक्त घेतलं. यंत्रावर आकडा आला चारशे अडतीस.

"हा मधुमेह आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लहान मुलांना होतो तो. शरीरात इन्शुलिन तयार होणं थांबतं. साखर रक्तात साचते, लघवीतून वाहते, आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून ही तहान, म्हणून ही चादर. आणि अंगाला साखर वापरता येत नाही म्हणून अंग स्वतःलाच जाळतं. तो जांभळा रंग त्याचा. आत्ता, इथूनच मोठ्या इस्पितळात जायचं. उद्यावर नाही."

मावशींनी विचारलं, उद्यावर गेलं असतं तर?

"उलट्या, मग धापा, मग ग्लानी. कुणाला एक दिवस लागतो, कुणाला चार. पण आलात ना." त्या फोन उचलता उचलता थांबल्या. "तहानलेल्या मुलाचं पाणी कधी तोडू नका. नुसतं भिजवणारं मूल असलं तरी दिवसभर भरपूर पाजायचं, झोपण्याआधीचा तासभर फक्त हात आखडायचा."

त्या 'तहानलेल्या' या शब्दावर मावशींचे डोळे भरले. त्यांनी ते पदरानं नाही, हाताच्या पाठीनं पुसले, काम करताना घाम पुसावा तसे.

गाडी येईपर्यंत दहा मिनिटं होती. मुलगी टेकून बसली होती. मावशींनी हळूच गोगलगाईबद्दल विचारलं. ती कधीच सलग कोरडी नव्हती, तीही? डॉक्टरीणबाईंनी हसून मान हलवली. वाढतेय? खाते-पिते? दिवसा ठीक? शौचाला रोज होतं? बापालाही होतं म्हणता. मग तिचं मूत्राशय आणि मेंदू यांची रात्रीची ओळख अजून व्हायची आहे. सातव्या वर्षी दहात एखाद्या मुलाची होत नाही. बहुतेकांची वर्षागणिक आपोआप होते. झोपताना एकदा जाऊन यायला लावा, पोट साफ राहू द्या. एकदा लघवी तपासून घेऊ, म्हणजे मनात काही नको. मोठी झाली आणि तिलाच त्रास वाटायला लागला तर उपाय आहेत. "जी कधीच थांबली नव्हती तिच्यासाठी धीर धरा. जी थांबली होती आणि पुन्हा सुरू झाली, तिच्यासाठी धावा. फरक एवढा आहे, मावशी, पण तो विचारल्याशिवाय कळत नाही."

इस्पितळात सलाइन, इन्शुलिन, दर तासाला बोटाला टोचणं. रात्री उशिरा आई पोचली, कारखान्याच्या निळ्या कोटातच. तेव्हा मुलगी झोपली होती आणि बोलायची वेळ नव्हती. दोघी बायका बाकावर शेजारी बसल्या, दोघींत मिळून एक चहा आणला, आणि तो कुणीच प्यायलं नाही.

बोलणं झालं तिसऱ्या दिवशी सकाळी. मुलीच्या गालांवर रंग आला होता, तिनं नर्सला विचारलंही होतं की दर वेळी तेच बोट का, बाकीची नऊ काय शोभेला आहेत. दोन रात्री चादर कोरडी होती. आईनं व्हरांड्यात येऊन विचारलं, साधंच विचारलं, "मावशी, हे कधीपासून चाललं होतं?"

मावशी या प्रश्नाची तीन दिवस वाट बघत होत्या. त्यांना सांगता आलं असतं, आत्ताच, आठवडाभर. नोकरीला अजून चार वर्षं बाकी होती.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "रोज चादर मी बदलत होते. कुणाला कळू दिलं नाही. तिला एका शब्दानं विचारलं नाही. तिला लाज वाटू नये म्हणून. आणि पाणी कमी करायला सांगितलं, तेही मीच."

आई रेलिंगला धरून उभी राहिली. खाली कुणीतरी स्ट्रेचरची चाकं धूत होतं. ती म्हणाली, "मला फोनवर सांगितलं होतं तिनं. चादरीचं. म्हणाली, पण मावशी रागवत नाहीत, बघून न बघितल्यासारखं करतात. मला इतकं बरं वाटलं, की मी पुढे विचारलंच नाही." तिनं नाक ओढलं. "मला वाटलं, चांगल्या हातात आहे, सुटलं."

"हात होते," मावशी म्हणाल्या. "तोंड नव्हतं."

आईच्या ओठांवर काहीतरी हललं, हसू म्हणावं असं नाही. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, इंजेक्शन शिकवायला नर्स येतेय अकराला. कारखान्यात माझ्या पाळ्या बदलतात, मी दर आठवड्याला येऊ शकणार नाही. तिला परत तुमच्याकडेच पाठवायचं असेल तर तुम्हाला शिकावं लागेल. या आत.

हे क्षमा केल्याचं बोलणं नव्हतं. कामाचं बोलणं होतं. मावशींना ते क्षमेपेक्षा सहज पेललं.

नर्स तरुण आणि घाईची होती. जेवणाआधी किती, झोपताना किती, जागा कशी बदलत न्यायची, साखर फार उतरली तर घाम येतो, थरथर होते, तेव्हा लगेच साखरेचं पाणी. मावशींनी सगळं एका वहीत लिहून घेतलं. वही त्यांनी इस्पितळाच्या दारातून नवी विकत आणली होती. मग सराव. नर्सनं सिरिंजमध्ये नुसतं सलाइन भरलं आणि उशीवर टोचून बघा म्हणाली.

"उशी काही बोलत नाही," मावशी म्हणाल्या. "मलाच टोचते." आणि त्यांनी पोटावरचा पदर बाजूला केला, चिमटीत कातडी धरली. खाटेवरून वकीलीण मान वर करून बघत होती. सुई गेली.

"दुखलं का?" तिनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. मावशींनी सुई काढेपर्यंत विचार केला. "थोडं. सुई जाताना नाही, नंतर जरा चुणचुणतं. तुला कसं होतं?"

मुलगी विचारात पडली. तिला आजवर असं कुणी विचारलं नसावं. "सकाळचं जास्त दुखतं, संध्याकाळचं कमी," ती म्हणाली. "का ते माहीत नाही. आणि थंड सुई असली की लागतं. आणि तुम्ही आधी एक-दोन-तीन म्हणायचं नाही. तीन म्हणेपर्यंत मी उगीच घाबरते."

"मग काय म्हणू?"

"काहीतरी विचारा," वकीलीण म्हणाली आणि सदरा वर करून पोट पुढे केलं. "मी उत्तर द्यायला लागले की टोचायचं."

मावशींनी तिच्या पोटावर दोन बोटं टेकवली. नर्सनं खऱ्या औषधाची सिरिंज त्यांच्या हातात दिली. आई खाटेच्या दुसऱ्या कडेला, मुलीचा पाय धरून बसली. मावशींनी आधी दोनदा मात्रा वाचली, मग मुलीकडे बघून विचारलं, "रात्री किती वेळा उठलीस गं?"